आलेखातल्या दोन रेषा

ऑडिओग्राम उलटा वाचायचा असतो: रेषा जितकी खाली, तितकं ऐकू कमी. आडव्या अक्षावर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खर्जापासून तीव्र स्वरापर्यंत. उभ्या अक्षावर डेसिबल. शून्य म्हणजे शांतता नव्हे, निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. प्रौढांमध्ये साधारण २५ पर्यंत ठीक मानतात.

उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. या हेडफोनच्या चाचणीच्या. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेल्या चाचणीची रेषा वेगळी, आणि खरं निदान या दोन रेषांमधल्या अंतरात असतं. समजा, उजव्या कानाची हेडफोनची रेषा ५० वर आणि हाडाची १० वर आहे. आतला कान शाबूत आहे. अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात, मळ, पाणी किंवा फाटलेला पडदा असा काही.

डाव्या कानात दोन्ही रेषा एकत्रच: २००० पर्यंत १५, ४००० ला ५५, ८००० ला पुन्हा ३०. दोष आतल्या कानाचा. ही खाच बहुधा वर्षानुवर्षांच्या गोंगाटाची, यंत्रमागाच्या खात्यातल्यासारख्या. वयामुळे आलेल्या बहिरेपणात रेषा ८००० ला वर न येता उतरतच जाते.

एक सापळा आहे. कंपन कवटीतून दुसऱ्या कानापर्यंतही पोहोचतं. त्या कानात सरसर आवाज सोडून त्याला गुंतवलं नाही, तर पूर्ण बहिऱ्या कानाचीही हाडाची रेषा चांगली दिसते.