पासष्ट अधिक सदुसष्ट बरोबर सत्त्याऐंशी

फक्त भात खाल्ला, तर त्यातल्या प्रथिनांना १००पैकी सुमारे ६५ गुण मिळतात. नुसत्या तुरीच्या वरणालाही जवळपास तेवढेच, ६७. दोन्ही एकाच ताटात आले की मात्र गुण ८७च्या आसपास जातात. सरासरीच्या हिशेबात न बसणारा हा आकडा येतो कुठून?

हे गुण देण्याची ‘डायास’ ही पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३च्या अहवालात सुचवली. त्याआधीच्या पद्धतीत प्रथिन किती पचलं, हे उंदरांच्या विष्ठेवरून ठरे. पण मोठ्या आतड्यातले जीवाणूही न पचलेल्या प्रथिनांवर ताव मारतात. त्यांनी फस्त केलेलंही शरीराच्या खात्यात जमा होई. म्हणून आता लहान आतड्याच्या शेवटी काय उरलं ते पाहतात, तेही प्रत्येक अमिनो आम्लासाठी वेगळं. सर्वांत तोकडं पडणारं आम्ल अख्ख्या पदार्थाचे गुण ठरवतं.

भातात तोकडं पडतं ते लायसिन. प्रौढांसाठीच्या मापाप्रमाणे १ ग्रॅम प्रथिनातून ४८ मिलिग्रॅम पचलेलं लायसिन मिळायला हवं. तांदळात ते सुमारे ३७ असतं, त्यातलं ३१ पचतं. तुरीच्या डाळीत ७०, पचतं ५२च्या आसपास. म्हणजे गरजेहून जास्त. डाळीचं दुखणं वेगळं. मेथिओनिन आणि सिस्टिन ही गंधकयुक्त आम्लं तिच्यातून २३ऐवजी १५च मिळतात. तांदळातून ती ३६ मिळतात.

आता ९० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ घेऊ, दोन्ही कच्च्या वजनाने. दोघांतूनही साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं येतात. लायसिनची सरासरी होते ४२, गंधकयुक्त आम्लांची २६. दुसरी अडचण पुरती मिटली आणि पहिली बरीच हलकी झाली. सरासरी काढायची ती आम्लांची, गुणांची नव्हे. गणिताची गंमत एवढीच. (तांदळाचा वाण आणि शिजवण्याची रीत बदलली की आकडे थोडे हलतात.)

राष्ट्रीय पोषण संस्था धान्य आणि डाळ यांचं ३:१ प्रमाण सुचवते, आपलं ताट नेमकं त्याच मापाचं आहे. पण १२० ग्रॅम तांदळाच्या भातावर १० ग्रॅम डाळीचं पाणीदार वरण ओतलं, तर गुण घसरून ७३च्या घरात येतात. खानावळीतल्या वरणाकडे पाहून हा हिशेब मनात येतोच.

सालीतलं टॅनिन आणि डाळीतले पचनरोधक घटकही गुण खातात. बेंगळुरूच्या संशोधकांनी माणसांवर मोजमाप केलं, तेव्हा सोललेल्या मुगाची प्रथिनं सालीच्या मुगापेक्षा जास्त पचलेली दिसली. भिजवणं आणि कुकरमध्ये नीट शिजवणंही उपयोगी पडतं.

गुण चांगले मिळाले तरी पुरेशा प्रथिनांची हमी मिळत नाही. वरच्या ताटात १३ ग्रॅम प्रथिनं आहेत. ५५ किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ४६ लागतात, आणि तीही उत्तम दर्जाची. शेजारच्या वाटीतलं दही लायसिनही वाढवतं आणि ग्रॅमही.