बंद न होणारे रास

पेशीच्या आवरणाला आतल्या बाजूने चिकटलेले रास हे छोटेसे प्रथिन पेशीला वाढण्याचा निरोप देते. त्याच्या खोबणीत जीटीपीचा रेणू असला तर ते चालू, जीडीपी असला तर बंद. दोन्हींत फरक एका फॉस्फेटचा. वाढीचा संदेश आला की दुसरे एक प्रथिन खोबणीतला जीडीपी सुटायला मदत करते. पेशीत जीटीपी मुबलक असल्याने रिकाम्या जागी बहुधा तोच शिरतो आणि रास चालू होते. पुढे पाण्याच्या रेणूने जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तोडला की ते बंद.

1982 मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगपेशींतला रास जनुक तपासला, तेव्हा दोष एकाच अक्षराचा निघाला. त्यामुळे प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आले होते. अशा रासला जीटीपी तोडता येत नसणार, हा तर्क सरळ होता. पण परीक्षानळीत निरोगी रासही या कामात कमालीचे मंद निघाले. एक जीटीपी तोडायला त्याला कित्येक मिनिटे लागतात. काही सदोष रासही त्याच्या फारसे मागे नव्हते. मग कर्करोग होतो कशाने?

उत्तर मिळाले बेडकाच्या अंडपेशीत. 1987 मध्ये ट्रेही आणि मॅककॉर्मिक यांनी तिथे रास टोचले. निरोगी रास परीक्षानळीतल्यापेक्षा दोनशे पटींहून जास्त वेगाने बंद झाले. सदोष रासवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे रास एकट्याच्या बळावर वेळेत बंद होतच नाही, त्याला पेशीतला मदतनीस लागतो. त्या प्रथिनाला गॅप म्हणतात.

ही मदत नेमकी कशी होते, ते 1997 मध्ये जर्मनीत विटिंगहॉफर यांच्या गटाने स्फटिकरचनेतून दाखवले. गॅप आपले एक आर्जिनीन बोटासारखे रासच्या खोबणीत घालते. फॉस्फेट तुटताना तिथे साचणारा ऋणभार हे बोट सावरते. रासचे स्वतःचे एकसष्टावे अमिनो आम्ल, ग्लुटामीन, पाण्याच्या रेणूला योग्य जागी धरून ठेवते. या दाटीत बाराव्या जागी ग्लायसीनच हवे, कारण त्याची बाजूची साखळी म्हणजे फक्त एक हायड्रोजन. व्हॅलीनच काय, त्याहून लहान अ‍ॅलॅनीनही तिथे अडसर ठरते. गॅप येऊन चिकटते, पण बोट जागेवर बसत नाही, आणि जीटीपी तसाच राहतो.

मात्र सगळे सदोष रास सारखेच अडकलेले नसतात. बाराव्या जागी सिस्टीन आलेले रास गॅपला दाद देत नसले, तरी स्वतःहून जीटीपी तोडण्याचा त्याचा मंद वेग जवळपास शाबूत असतो. त्यामुळे ते अधूनमधून बंद होते. 2021 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावर मान्यता मिळालेले सोटोरासिब हे औषध हीच संधी साधते. बंद अवस्थेतल्या रासच्या सिस्टीनला ते कायमचे चिकटते आणि जीडीपी आतच अडकवून ठेवते. व्हॅलीनवाल्या रासवर मात्र त्याचा उपयोग नाही. चिकटायला तिथे सिस्टीनच नसते.