ओळी नसलेल्या कवितेचा अर्थ

दहावीच्या परीक्षेआधी मराठीच्या शिक्षकांच्या फोनवर एक ठरावीक निरोप येतो: ‘सर, या कवितेचा अर्थ सांगा ना.’ खाली कविता नसतेच. कधी फोटो चढायचा राहून गेलेला असतो, तर कधी जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून ओळी उचललेल्या असतात. युनिकोडच्या आधीचे हे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असायचे. त्यामुळे पाठवणाऱ्याला पानावर स्वच्छ देवनागरी दिसते आणि समोरच्याच्या पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता खिचडा उमटतो. मुलाच्या मते त्याने कविता पाठवलेली असते.

निरोपात निदान शीर्षक असले, तर पाठ असल्यासारखा अर्थ सांगून टाकायचा मोह आवरत नाही. पण शीर्षकावर फार भिस्त ठेवता येत नाही. ‘आई’ कवितेचा अर्थ हवा, असे कोणी म्हटले तर कोणती आई? कवी यशवंतांची ‘आई’ आहे आणि फ. मुं. शिंदे यांचीही आहे. यशवंतांच्या कवितेत आईविना वाढलेल्या मुलाची पोकळी आहे, तर शिंदे यांच्या कवितेत घरभर भरून राहिलेली आई आहे. एकीचे रसग्रहण दुसरीला लावले तर उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या ते दुसऱ्याच वाक्याला लक्षात येईल.

बालकवींची ‘औदुंबर’ याहून अवघड. १८९० साली धरणगावला जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची ही जेमतेम आठ ओळींची कविता. ओळी समोर नसतील तर मराठी माणसाचे मन औदुंबर म्हटल्याबरोबर दत्ताकडे धावते. नरसोबाची वाडी आठवते, सांगली जिल्ह्यातले कृष्णाकाठचे औदुंबर गाव आठवते, झाडाखालच्या पादुका आणि प्रदक्षिणा घालणारे भाविक डोळ्यांपुढे येतात. मग भक्ती आणि गुरुकृपेवर दोन परिच्छेद सहज लिहून होतात. वाचायलाही ते ठीक वाटतात.

कवितेत यातले काहीच नाही. तिथे हिरव्या काठांमधून वाहणारा एक झरा आहे, टेकडीकडे मोजक्या घरांचे लहानसे गाव आहे, त्यापुढे दाट शेतमळे आहेत. त्यांतून एक पांढरी पायवाट वेडीवाकडी निघते आणि कुरणातून काळ्या डोहाकडे जाते. तिथे पाण्यावर सावली पसरलेली आहे, आणि अगदी शेवटच्या ओळीत, पाय पाण्यात सोडून बसल्यासारखा औदुंबर भेटतो. झाड पहिल्या सात ओळींत कुठेही नाही, हे फक्त शीर्षक वाचणाऱ्याला कळणार कसे?

गंमत म्हणजे ओळी हातात आल्यावरही अर्थाचा वाद मिटत नाही. काहींना हे निव्वळ निसर्गचित्र वाटते, तर काहींना त्या झाडात संसारापासून दूर बसलेला विरक्त दिसतो. हिरवाईतून काळ्या डोहाकडे जाणारी वाट हा जगण्याकडून मृत्यूकडे जाणारा रस्ता आहे, असेही वाचता येते. मात्र यातला प्रत्येक जण एखाद्या रंगावर, वाटेच्या दिशेवर किंवा झाडाच्या बसण्यावर बोट ठेवून बोलतो. गुरुकृपेच्या त्या दोन परिच्छेदांना बोट ठेवायला जागाच नसते.

कविता न वाचता केलेला अर्थ ओळखायचा तो याच खुणेवरून. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे’ हे वाक्य ‘औदुंबर’लाही चालते आणि त्याच कवीच्या ‘फुलराणी’लाही. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये लिहायची असतात. त्यातला आशय ऐकीव माहितीवर कसाबसा ढकलता येईल, पण यमक कुठे जुळते, कोणता रंग पुन्हा येतो, ओळ कुठे मोडते, हे पानावर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून अनुभवी शिक्षक आधी ओळी मागतात. फोटो येत नसेल तर कवीचे नाव, इयत्ता आणि पहिली ओळ तरी टाइप करून पाठव, किंवा फोनवर वाचून दाखव, असे सांगतात. टाइप करताना ओळी पुस्तकात आहेत तशाच तोडायच्या, हेही बजावतात. सगळे सलग आले की यमकाच्या जागा हरवतात.

आलेला फोटोसुद्धा खालपर्यंत पाहावा लागतो. ‘औदुंबर’च्या पानाचा तळ कापला गेला आणि शेवटची ओळ निसटली, तर उरतात झरा, गाव, शेते आणि डोहाकडे गेलेली वाट. तेवढ्यावर ग्रामीण निसर्गाचे सुबक रसग्रहण होते. फक्त कवितेला ‘औदुंबर’ हे नाव का दिले, याचा उलगडा त्यात कुठेच सापडत नाही. असा प्रश्न अडला की मुलाकडे पुन्हा फोटो मागायचा, पूर्ण पानाचा.