स्लाइड नको, टिपण द्या

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याचे विश्लेषण नासापुढे स्लाइडवर मांडले. त्यातल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्या केलेल्या तुकड्यांपेक्षा आदळलेला तुकडा शेकडो पटींनी मोठा होता, ही खरी धोक्याची गोष्ट मात्र अगदी तळाशी होती.

एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली. स्लाइडवरचा त्यांचा निबंध ॲमेझॉनच्या वरिष्ठांनी वाचला आणि जून 2004 मध्ये जेफ बेझोस यांनी आपल्या वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड हद्दपार केल्या. त्याऐवजी जास्तीत जास्त सहा पानांचे, सलग वाक्यांत लिहिलेले टिपण आले. स्लाइडवर ‘दर वाढवला’ आणि ‘विक्री घटली’ एकाखाली एक टाकून सुटता येते. वाक्यात मात्र ‘म्हणून’ की ‘तरीही’, हे ठरवावेच लागते.

तिथे टिपण बैठकीतच, सुरुवातीची वीसेक मिनिटे शांतपणे वाचतात. कारण सरळ आहे: घरून वाचून या म्हटले की मोठे साहेबही शाळकरी पोरांसारखे वाचल्याचा आव आणतात. टिपण आधी पाठवायचेच असेल, तर दोन दिवस अगोदर पाठवा आणि शेरे आदल्या संध्याकाळपर्यंत मागवा. दुसऱ्या पानावर उत्तर असलेला प्रश्न बैठकीत पहिल्यांदा आला, तर समजा की वाचलेले नाही.

मग तोंडी काय मांडायचे? समजा, एका दूध संघाला दोनपैकी एक शीतकरण केंद्र बंद करायचे आहे. संकलनाचे आकडे, लिटरमागचा खर्च, पर्याय आणि प्रत्येकाची जोखीम हे सगळे टिपणात येते. शेऱ्यांवरून दिसते की खर्चाबद्दल कुणाचेच दुमत नाही. वाद एवढाच आहे, की लांबच्या गावांचे दूध उन्हाळ्यात न नासता पोहोचेल का? मग बैठकीत फक्त तेवढेच घ्या. टँकरचा मार्ग नकाशावर दाखवा, वाहतूक पाहणाऱ्याला बोलवा आणि निर्णय घ्या. खर्चाचा तक्ता पुन्हा वाचून दाखवू नका. त्यातच तास जातो आणि वादाचा मुद्दा ‘पुढच्या बैठकीत’ जातो.

कागदावर न उमटणाऱ्या गोष्टीही समोरासमोरच हव्यात: चालते यंत्र, नमुन्याची चव. केंद्रावरच्या माणसांच्या नोकऱ्या जाणार असतील, तर तेही अध्यक्षांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे, चौथ्या पानावर लपवू नये.

यात लिहिणाऱ्याचे कष्ट वाढतात, हे खरे. चांगल्या टिपणाला आठवडाही लागू शकतो, असे बेझोस यांनीच भागधारकांना लिहिले आहे. तेवढी तयारी झाली नसेल, तर बैठक पुढे ढकला. घाईघाईने स्लाइड जुळवू नका.