कार्ड उलटं ठेवायचं

सांगलीजवळच्या एका लग्नाचं शूटिंग आटोपून आम्ही रात्री दीडला निघालो. यादीत सगळ्यापुढे खुणा होत्या: दोन कॅमेरे, सहा बॅटऱ्या, चार कार्डं. तरी गाडीत असिस्टंटनं विचारलंच, ‘दादा, हळदीचं कार्ड यातलं कोणतं?’ त्याच्या तळहातावर चार सारखी कार्डं. वस्तू सोबत आहे एवढं यादी सांगत होती. ती भरलेली की रिकामी, ते नाही.

तेव्हापासून पहिल्या कॅमेऱ्याच्या कार्डांवर ए-१, ए-२ आणि दुसऱ्याच्या कार्डांवर बी-१, बी-२ असे आकडे आहेत. डबीत रिकामं कार्ड सुलटं, म्हणजे नाव वर. भरलं की उलटं, आणि बाजूची लॉकची कळ खाली. १०० एमबीपीएसनं फोरके चित्रण केलं तर ६४ जीबीचं कार्ड साधारण ८० मिनिटांत भरतं. म्हणजे ऐन अक्षतांच्या वेळी कार्ड बदलायची पाळी येऊ शकते, आणि त्या घाईत वाचायला कुणाला वेळ नसतो. उलट-सुलट मात्र नजरेला लगेच कळतं.

यादीत ‘कॉपी’ हा एकच रकाना पुरत नाही. मी तीन ठेवतो: पहिली हार्डडिस्क, दुसरी हार्डडिस्क, तपासलं. तपासायचं म्हणजे फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवायचा, मग शेवटची क्लिप चालवून पाहायची; कॉपी मधेच तुटली असेल, तर बहुधा तिथंच दिसतं. तिन्ही खुणा झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. चुकून झालंच, तर त्यावर पुढे काहीही शूट करू नये. साध्या फॉरमॅटमध्ये बहुतेकदा फाइलींची नोंद पुसली जाते, मूळ डेटा बराचसा तिथंच असतो आणि सॉफ्टवेअरनं परत मिळू शकतो. नवं चित्रण त्यावर बसलं की तो गेला.

बॅटऱ्यांनाही आकडे आहेतच. वापरलेलीच्या टोपीवर लाल रबर. कुठली लवकर उतरते हे आकड्यामुळे दोन-तीन कामांत उघडं पडतं. आमची चार नंबरची अशीच पकडली गेली.

भाड्याच्या सामानाची गोष्ट वेगळी. तिथं ‘लेन्स १’ लिहून भागत नाही. सिरियल नंबर, पुढची टोपी, मागची टोपी, हूड, फिल्टर, पाऊच असं सुटं लिहायचं, आणि काउंटरवरच काचेचा, माउंटचा, आधीच्या ओरखड्यांचा फोटो मोबाइलवर काढायचा. परत देताना वाद होतो तो लेन्सचा नाही, टोपीचा.

याची उलटी बाजू मात्र माझ्या यादीत नव्हती. भाड्याचा कॅमेरा पुण्यात परत केला, पावती घेतली, डिपॉझिट मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेजुरीत ट्रायपॉड उघडला, तर वरची प्लेट गायब. ती त्या कॅमेऱ्याच्या तळाला तशीच स्क्रूनं बसलेली राहिली होती. दिवसभर मोनोपॉडवर काम काढलं. आता ‘परत द्यायचं’च्या शेजारी ‘आपलं काढून घ्यायचं’ असा रकाना आहे. त्यात पट्टा, कार्ड आणि प्लेट.