आधी तक्ता, मग प्रश्न

दहावीच्या बोर्डाची प्रश्नपत्रिका वाशीला निघते, असं नवी मुंबईत बऱ्याच पालकांना वाटतं. वाशीत राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय आहे, त्यामुळे समजूत स्वाभाविक आहे. पण पत्रिका साऱ्या राज्याला एकच असते. विभागीय कार्यालयाकडे काम असतं ते परीक्षा पार पाडण्याचं. वर्षभरातल्या घटक चाचण्या आणि सराव परीक्षा मात्र ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत बहुतेक शाळांत त्या-त्या विषयाचे शिक्षकच काढतात. संविधान तक्त्याची खरी गरज तिथे आहे, आणि त्याविषयीचे गैरसमजही तिथेच सर्वांत जास्त आहेत.

गैरसमज: पेपर झाला की फाइलसाठी तक्ता भरायचा

बी.एड.ला सगळ्यांनी हा तक्ता केलेला असतो. पुढे नोकरीत तो उलटा होतो: आधी प्रश्न जमवायचे, मग रकाने भरून बेरीज जुळवायची. अशी बेरीज नेहमीच जुळते, म्हणून तिला किंमत नाही. तक्ता हा पत्रिकेचा आराखडा आहे. कोणत्या घटकावर आणि कोणत्या विचारपातळीवर किती गुण द्यायचे, हे प्रश्न सुचण्याआधी ठरवायचं, म्हणजे शिक्षकाच्या आवडीचा धडा पत्रिका गिळत नाही.

दहावी विज्ञान भाग १ मधले तीन धडे आणि २० गुणांची चाचणी घेऊ. समजा गुरुत्वाकर्षणाला १२ तासिका लागल्या, मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाला ८ आणि रासायनिक अभिक्रियांना १०. एकूण ३०. गुण त्या प्रमाणात वाटले तर ८, ५.३३ आणि ६.६७ येतात, पूर्णांकात ८, ५, ७. मग पातळ्या ठरवायच्या. ज्ञान ५, आकलन ७, उपयोजन ६, कौशल्य २ असं धरू. आता आतले रकाने असे बसतील:

| घटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | कौशल्य | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| गुरुत्वाकर्षण | १ | ३ | ४ | – | ८ |
| आवर्ती वर्गीकरण | २ | २ | १ | – | ५ |
| रासायनिक अभिक्रिया | २ | २ | १ | २ | ७ |
| एकूण | ५ | ७ | ६ | २ | २० |

दोन रकाने रिकामे आहेत, आणि ते तसेच राहू द्यावेत. प्रत्येक चौकट भरलीच पाहिजे असा नियम नाही. चुनखडी तापवण्याच्या प्रयोगाची नामनिर्देशित आकृती काढायला सांगणं योग्य आहे. केवळ रकाना भरायचा म्हणून गुरुत्वाकर्षणात आकृती घुसवणं नाही.

ब्लूम यांच्या सहाही पातळ्या हव्यातच, हाही असाच एक समज. बेंजामिन ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६ सालचं. त्यानंतर लवकरच ब्लूम भारतात आले आणि परीक्षा सुधारणेच्या कार्यशाळा झाल्या. पुढे आपल्याकडे शाळेच्या कामात रुळल्या त्या ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य या चारच. वीस गुणांत सहा पातळ्या केल्या तर एकेका रकान्यात जेमतेम एक गुण उरेल, आणि त्यावरून काहीच कळणार नाही.

गैरसमज: अवघड प्रश्न म्हणजे वरच्या पातळीचा प्रश्न

काठिण्य आणि विचाराची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या मूलद्रव्याचा अणुवस्तुमानांक विचारला तर निम्मा वर्ग चुकेल, तरी तो प्रश्न स्मरणाचाच. उलट ‘२, ८, २ असं इलेक्ट्रॉन संरूपण असलेलं मूलद्रव्य कोणत्या आवर्तात येईल?’ हा उपयोजनाचा प्रश्न आहे आणि बहुतेक मुलांना तो सोपा जातो. तक्त्याबरोबर सोपे-मध्यम-कठीण याचा वेगळा हिशेब ठेवायचा तो यासाठीच.

याहून खोल घोटाळा क्रियापदांचा आहे. ‘लिहा’ आलं की ज्ञान, ‘शास्त्रीय कारणे द्या’ आलं की आकलन, ‘उदाहरण सोडवा’ आलं की उपयोजन, अशी एक यादी शिक्षकांच्या हाती असते आणि तिच्यावरून रकाने भरले जातात. पण शास्त्रीय कारण गाईडमध्ये जसंच्या तसं छापलेलं असेल आणि मुलांनी ते पाठ केलं असेल, तर तपासली जाते ती स्मरणशक्ती. पातळी प्रश्नाच्या शब्दांत नसते. मुलाने आधी काय पाहिलं आहे आणि आता त्याला काय करावं लागतं, यावर ती ठरते.

गुरुत्वाकर्षणातलंच बघा. ‘त्रिज्या पृथ्वीएवढीच, पण वस्तुमान दुप्पट असलेल्या ग्रहावर g किती?’ हे गणित वर्गात फळ्यावर झालं असेल, तर परीक्षेत ते उपयोजन उरत नाही. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही दुप्पट केली, तर मुलाला g = GM/R² या सूत्राकडे नव्याने पाहावं लागतं: वर २, खाली ४, म्हणून g निम्मा, म्हणजे ४.९ मी/से². जो नुसतं ‘दुप्पट वस्तुमान, दुप्पट g’ एवढंच लक्षात ठेवून आला आहे, तो १९.६ लिहितो. त्या चुकीच्या उत्तरावरूनच प्रश्नाने आपलं काम केलं हे कळतं. त्यामुळे शेजारच्या शाळेचा तयार तक्ता आणि प्रश्नसंच आणून वापरणं फसवं असतं. त्यांच्या वर्गात फळ्यावर काय झालं होतं, ते आपल्याला कुठे माहीत आहे?

गैरसमज: पर्याय दिल्याने तक्ता बिघडत नाही

बिघडतो. ‘कोणतेही दोन सोडवा’ खाली तीन-तीन गुणांचे तीन प्रश्न आहेत; एक ग्रहाच्या g चा, एक आकलनाचा, एक ज्ञानाचा. जो मुलगा पहिला टाळतो, त्याच्या वाट्याला उपयोजनाचे ६ गुण न येता ३ च येतात. तक्ता एका पत्रिकेचा केला होता, वर्गात मात्र तीन वेगवेगळ्या पत्रिका सुटल्या. मोकळेपणा द्यायचाच असेल तर ‘किंवा’ एकाच चौकटीतला असावा: वस्तुमान-त्रिज्या दुप्पट, किंवा वस्तुमान तेच आणि त्रिज्या निम्मी.

गैरसमज: बेरजा जुळल्या म्हणजे पत्रिका संतुलित

तक्त्याने एवढंच साधतं की शिकवलेल्या भागाचा आणि पातळ्यांचा नमुना पत्रिकेत नीट उतरतो. प्रश्नाची भाषा संदिग्ध असेल किंवा वेळ पुरत नसेल, तर त्यावर तक्ता काही करू शकत नाही. आवर्ती वर्गीकरणातल्या उपयोजनाच्या एका गुणावरून कुणा मुलाबद्दल मत बनवणंही चूक.

तपासणीचा साधा मार्ग असा: विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाला फक्त प्रश्न द्यायचे आणि त्यांच्याकडून कोरा तक्ता भरून घ्यायचा. जिथे दोन तक्ते जुळत नाहीत, तिथे बसून बोलायचं.

सर्वांत कमी पाहिली जाते ती गुणदान योजना. ग्रहाच्या गणिताला तीन गुण: सूत्राला १, किमती घालण्याला १, उत्तर आणि एककाला १. सूत्र पाठ असलेल्या, पुढे एक ओळही न लिहिणाऱ्या मुलाला एक गुण मिळतो, आणि तो ज्ञानाचा आहे. तक्त्यात मात्र तिन्ही गुण उपयोजनात मोजलेले. खरा हिशेब मांडला तर या चाचणीत उपयोजनाचे ६ नव्हे, ५ गुण आहेत आणि ज्ञानाचे ५ नव्हे, ६. दोन उपाय आहेत. सूत्र प्रश्नातच देऊन गुणांची विभागणी बदलायची, नाहीतर तक्त्यातले आकडे प्रामाणिकपणे हलवायचे.