पैसे कापले गेले, मग ऑर्डर कुठे आहे?

देवगड-रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार आता हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला विकतात. साधी वेबसाइट असते, तिच्यावर भाव असतो आणि बुकिंग व्हॉट्सॲपवर होतं. ग्राहक यूपीआयने पैसे पाठवून स्क्रीनशॉट टाकतो आणि घरातलं कुणीतरी तो बँकेच्या मेसेजशी ताडून बघतं. दिवसाला दहा पेट्या असतील तोवर हे निभतं. ऐन हंगामात ऐंशी पेट्या निघायला लागल्या की खरे पैसे कुणाचे आले आणि नुसता स्क्रीनशॉट कुणाचा आला, याचा मेळ लागत नाही. मग वेबसाइट करून देणाऱ्याला फोन जातो, “ऑनलाइन पेमेंट टाकायचे किती घ्याल?” तो म्हणतो, “पंधरा हजार.” दोघंही खूश होतात आणि मे महिन्यात भांडण होतं. मालकाने सगळा व्यवहार धरलेला असतो, डेव्हलपरने फक्त बटण.

हे टाळायचं तर फोन न करता पत्र लिहावं. समजा, अशाच एका बागायतदाराने ते असं लिहिलं :

“स. न. वि. वि. आमच्या वेबसाइटवर ऑनलाइन पेमेंटची सोय करायची आहे. तिचं लेखी अंदाजपत्रक द्यावं. पाच डझनांची पेटी आम्ही साधारण ३,००० रुपयांना विकतो. भाव दर आठवड्याला बदलतो, तो आम्हाला स्वतः बदलता यावा. हंगामात दिवसाला ८० ऑर्डरी येतात. यूपीआय आणि कार्ड दोन्ही हवं. गेटवेचं खातं आमच्या नावावर आणि आमच्या बँक खात्याला जोडलेलं असावं. केवायसीची कागदपत्रं आम्ही देऊ.

“तीन प्रसंगी काय होईल, ते कृपया स्पष्ट लिहावं. ग्राहकाचे पैसे गेले पण तो आमच्या साइटवर परतलाच नाही तर? एकाच पेटीचे पैसे दोनदा भरले गेले तर? फळ खराब निघालं आणि अर्धी रक्कम परत करायची असेल तर?

“प्रत्येक कामाचे तास आणि दर वेगवेगळे दाखवावेत. जीएसटी धरला आहे की नाही, कोणती कामं धरलेली नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये बिघाड झाला तर दुरुस्ती किती वेळात व किती पैशांत होईल, हेही लिहावं. काम जानेवारीअखेर पूर्ण व्हायला हवं.”

या पत्रातला खरा जीव त्या तीन प्रसंगांत आहे, आणि त्यातही पहिल्यात.

ग्राहक ‘पैसे भरा’ दाबतो तेव्हा तो आपल्या साइटवरून गेटवेकडे जातो. रेझरपे, कॅशफ्री, पेयू ही अशा गेटवेंची परिचित नावं. यूपीआय निवडलं की फोनवरचं यूपीआय ॲप उघडतं, ग्राहक पिन टाकतो, पैसे जातात. त्यानंतर त्याने ब्राउझरमध्ये परत यावं आणि साइटने ‘ऑर्डर पक्की’ म्हणावं, अशी अपेक्षा असते. पण तेवढ्यात दुसरा फोन येतो, रेंज जाते, किंवा ‘झालं काम’ म्हणून तो फोन खिशात टाकतो. परत येण्यावरच सगळं सोडलेलं असेल तर पैसे गेटवेकडे पोचलेले असतात आणि साइटवर ऑर्डर ‘प्रलंबित’ दिसत राहते. पेटी निघत नाही. चौथ्या दिवशी ग्राहकाचा फोन येतो आणि आपण त्याच्याकडे पुन्हा स्क्रीनशॉट मागतो.

यावरचा उपाय म्हणजे वेबहुक. ग्राहक परतो न परतो, पैसे मिळाले की गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो. ही सूचना खरोखर गेटवेकडूनच आली आहे का, हे तिच्यासोबतच्या डिजिटल सहीवरून तपासावं लागतं. नाहीतर बनावट सूचना पाठवून कुणीही फुकट पेटी मिळवेल. शिवाय तीच सूचना दोनदाही येऊ शकते. आपल्याकडून पोच मिळाली नाही तर गेटवे ती पुन्हा पाठवतो. पेमेंटचा क्रमांक आधी नोंदला गेलाय का, हे प्रोग्रामने पाहिलं नाही तर एका पैशात दोन पेट्या रवाना होतात. हे काम ग्राहकाच्या डोळ्यांना कधीच दिसत नाही, म्हणून फोनवरच्या भावात ते बसत नाही.

आणखी एक गोष्ट डेव्हलपरला विचारावी : रक्कम कोण ठरवतं? ती ग्राहकाच्या ब्राउझरमधून आली तर जाणकार माणूस ३,००० चे ३ करून पाठवू शकतो. ती आपल्या सर्व्हरनेच ठरवायला हवी. रेझरपेसारख्या गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ३,००० रुपयांसाठी ३००००० हा आकडा. दोन शून्यं राहिली की पेटी तीस रुपयांत जाते.

परताव्याचा प्रश्न बागायतदाराला पैशांत भोवतो. कार्डावर गेटवेचा दर २ टक्के धरला तर ३,००० वर ६० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १०.८० रुपये, असे ७०.८० रुपये कापले जाऊन खात्यात २,९२९.२० जमा होतात. पुढे सगळी रक्कम परत केली तरी हे शुल्क बहुधा परत मिळत नाही. यूपीआयवरचा एमडीआर जानेवारी २०२० पासून शून्य आहे, पण गेटवे स्वतःच्या सेवेचं वेगळं शुल्क लावतो का, हे करारात पाहावं. ही कपात डेव्हलपरच्या अंदाजपत्रकात येत नाही. ती तुम्हीच पेटीच्या भावात धरायची.

आता उत्तर कसं येतं ते बघू. तासाला ८०० रुपये दर धरला. पेमेंटचं पान आणि गेटवेची जोडणी १२ तास, वेबहुक आणि ऑर्डरींच्या नोंदी १२ तास, पूर्ण व अर्धवट परतावा ८ तास, चाचणी ८ तास. एकूण ४० तास, ३२,००० रुपये. डेव्हलपर नोंदणीकृत असेल तर वर जीएसटी. फोनवरच्या पंधरा हजारांत एकोणीस तासही बसत नाहीत. म्हणजे तो भाव देणारा लबाड नव्हता, त्याने पहिली ओळ आणि दुसरीचा थोडा भाग एवढंच मोजलं होतं. ३२,००० जड वाटत असतील तर परताव्याचं काम गाळता येतं, कारण परतावा गेटवेच्या डॅशबोर्डवरून हाताने देता येतो. वेबहुक मात्र गाळू नये. तासांच्या ओळी वेगळ्या मागायच्या त्या यासाठीच : कात्री कुठे लावायची, हे तुम्हाला ठरवता येतं.

कार्डाचे नंबर ‘पुढच्या वेळी सोपं जावं’ म्हणून साइटवर साठवायचा प्रस्ताव आला तर तो सरळ नाकारावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ते साठवता येत नाहीत. तसंच ‘तोवर माझ्या खात्यावर घेऊ’ असं डेव्हलपर म्हणाला तरी मान्य करू नये. खातं ज्याचं, पैसे त्याच्याकडे जमा होतात, आणि परताव्याचं बटणही त्याच्याच हातात राहतं.

शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच द्यावा, आणि ती तुमच्यासमोर व्हावी. चाचणी मोडमध्ये सगळं नीट चाललं तरी खऱ्या खात्यावर एक खरी खरेदी करा, पिन टाकल्याबरोबर ब्राउझर बंद करा आणि ऑर्डर पक्की झाली का ते बघा. मग ते पैसे परत करून ते खात्यात येईपर्यंत थांबा. या सगळ्याला, केवायसी धरून, काही आठवडे जातात. फेब्रुवारीत बुकिंग घ्यायचं असेल तर पत्र डिसेंबर उजाडताच पाठवा.